विमा आहे, तरी आई-बाबांच्या आजारपणाची वेगळी पुंजी: किती, कुठे आणि कोणाच्या सहीने

बाबांच्या इस्पितळाचं बिल झालं ४ लाख २० हजार. पॉलिसी ५ लाखांची, हप्ता एकदाही न चुकवलेला. विमा कंपनीने दिले २ लाख ४९ हजार ६००. उरलेले १ लाख ७० हजार ४०० रुपये डिस्चार्जच्या संध्याकाळी मी आणि दादाने तीन कार्डं आणि दोन फोन वापरून भरले. विमा कंपनीने फसवलं असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर बिल आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून बसले, तेव्हा कळलं की प्रत्येक कपात पॉलिसीत छापलेली होती. आम्ही फक्त पहिल्या पानावरचा पाच लाखांचा आकडा वाचला होता.

त्यानंतर आम्ही आई-बाबांसाठी एक वेगळी पुंजी उभी केली. ती कशी, हे खाली लिहिते आहे. आकडे आमच्या घरचे आहेत. आई-बाबा साताऱ्यात, मी पुण्यात, दादा बंगळुरात. बाबा ७२ वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. आई ६८ची, गुडघे दुखतात. तुमचे आकडे वेगळे निघतील, हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

आधी जुनं बिल उलगडा

किती पैसे बाजूला ठेवायचे, याचं उत्तर पॉलिसी कुठे कुठे कापते त्यात असतं. म्हणून घरातलं किंवा नातेवाइकांतलं एखादं खरं बिल घ्या आणि ते आपल्या पॉलिसीतून चालवून पाहा. आमचं असं होतं.

सहा दिवसांचं खोलीभाडं रोजचे ८ हजार, म्हणजे ४८ हजार. डॉक्टर, शस्त्रक्रिया, नर्सिंग वगैरे १ लाख ६० हजार. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या मिळून १ लाख ८२ हजार. हातमोजे, मास्क, फाइलचे पैसे अशी किरकोळ दिसणारी सामग्री ३० हजार.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा होती विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ५ हजार. आम्हाला वाटलं होतं, वरचे तीन हजार रोज आपण भरू, बास. पण मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की खोलीशी जोडलेले बाकीचे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. आठातले पाच मंजूर, तर डॉक्टर-शस्त्रक्रियेच्या १ लाख ६० हजारांतलेही फक्त एक लाख मंजूर. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, म्हणून ते १ लाख ८२ हजार पूर्ण धरले गेले. सामग्रीचे ३० हजार गेले ते गेलेच. खोलीचे ३० हजार, डॉक्टर-शस्त्रक्रियेचे एक लाख आणि औषधांचे १ लाख ८२ हजार, अशी मंजूर रक्कम ३ लाख १२ हजार झाली. त्यावर ज्येष्ठांच्या पॉलिसीत नेहमी दिसणारं को-पे होतं, आमच्याकडे २० टक्के. ते ६२ हजार ४०० आपल्या खिशातून.

हेच बाबा पाच हजारांच्या खोलीत राहिले असते आणि बाकी बिल तेवढंच आलं असतं, तर आमच्या वाट्याला १ लाख ४ हजार ४०० आले असते. म्हणजे ६६ हजारांचा फरक, आणि तो पडला दाखल करतानाच्या पाच मिनिटांत. काउंटरवरच्या माणसाने "डीलक्स रिकामी आहे, ट्विन शेअरिंगला वेळ लागेल" म्हटलं आणि दादाने मान डोलावली. आता पुंजीच्या फाइलवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: खोली ५ हजारांच्या आतली.

घरी आल्यावरचा खर्च वेगळाच. महिनाभर दिवसपाळीची मावशी रोजचे ९०० प्रमाणे २७ हजार, भाड्याचा पलंग, वॉकर, फिजिओथेरपिस्टच्या घरच्या फेऱ्या असं सगळं मिळून ४५ हजार. डिस्चार्जनंतरची औषधं आणि तपासण्या पॉलिसीने ठराविक दिवसांपर्यंत दिल्या, मावशीचे पैसे मात्र आमचे आम्हीच दिले.

पुंजी एक नको, तीन कप्पे हवेत

बहुतेक घरांत चूक इथे होते. "आई-बाबांसाठी" म्हणून एक रक्कम ठेवली जाते, तिच्यातून महिन्याच्या गोळ्या येतात, दाताची कवळी येते, चष्मा येतो, आणि ज्या दिवशी ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते त्या दिवशी खात्यात अकरा हजार असतात. रोजचा झिरपणारा खर्च आणि एकदम कोसळणारा खर्च एका भांड्यात ठेवायचे नाहीत.

पहिला कप्पा महिन्याचा. मागच्या बारा महिन्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, लॅबच्या पावत्या, यूपीआयच्या नोंदी काढा. आमच्याकडे बाबांच्या गोळ्या ३,२०० आणि आईच्या १,४०० महिन्याला, म्हणजे वर्षाचे ५५,२००. डॉक्टरांची फी आणि तपासण्या १४ हजार. दात आणि चष्मे २२ हजार. आईच्या गुडघ्यासाठी फिजिओथेरपी साडेसात हजार. पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे सहा फेऱ्या, गाडीभाडं साडेतीन हजार प्रमाणे २१ हजार. एकूण १ लाख १९ हजार ७००. महिन्याला जवळजवळ दहा हजार, आणि यातला एकही रुपया आमच्या विम्यात बसत नाही. गाडीभाडं हिशेबात धरायला लोक विसरतात. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या पालकांच्या बाबतीत ते धरलंच पाहिजे.

हे दहा हजार बाबांच्या पेन्शनमधून एक तारखेला वेगळ्या बचत खात्यात जातात. अमुक महिन्यात सहाच हजार लागले तरी उरलेले तिथेच राहू द्यायचे, कारण दाताचा खर्च बारा महिन्यांत विभागून येत नाही. या कप्प्याचा एक फायदा मला आधी दिसला नव्हता. आई दोन वर्षं "गुडघ्याचं काय, वयच झालं" म्हणत होती, ते दुखणं कमी होतं म्हणून नाही, खर्च नको म्हणून. पैसे तिच्याच नावाने वेगळे निघायला लागले तशी ती स्वतःहून फिजिओथेरपीला गेली.

दुसरा कप्पा इस्पितळाचा, आणि तोच खरा गाभा. रक्कम अशी काढा: एका मोठ्या दाखल होण्यात आपल्या खिशातून जाणारे पैसे, अधिक घरी आल्यावरचे. आमचे १ लाख ७० हजार आणि ४५ हजार, मिळून २ लाख १५ हजार. दोघांनाही एकाच वर्षात दाखल करावं लागलं तर ४ लाख ३० हजार. मग उलट बाजूने तपासा: कॅशलेस नाकारलं आणि सगळं बिल आधी भरून नंतर दावा करायची वेळ आली तर? तेव्हा ४ लाख २० हजार एकदम हवेत. दोन्ही वाटांनी आकडा साडेचार लाखांच्या आसपास आला, म्हणून तेवढं उद्दिष्ट ठरवलं. तुमच्या पॉलिसीत को-पे नसेल आणि खोलीची मर्यादा नसेल तर पहिला आकडा खूप खाली येईल, दुसरा मात्र तसाच राहील. दोन्हींपैकी मोठा धरा. पॉलिसीच नसेल तर हा कप्पा एका पूर्ण बिलापेक्षा लहान ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरा कप्पा लांबच्या सेवेचा: पक्षाघात, विस्मरण, खुब्याचं हाड. इथे बिल लहान असतं, पण ते थांबत नाही. आम्ही चोवीस तासांच्या मावशीचे महिन्याला २५ हजार धरून बारा महिन्यांचे तीन लाख एवढंच लक्ष्य ठेवलं आहे, आणि तेही दुसरा कप्पा भरल्यानंतर. हा पैसा एका रात्रीत लागत नाही, म्हणून तो बाबांच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत किंवा लांब मुदतीच्या ठेवीत चालतो. त्या योजनेतून पहिल्या वर्षात पैसे काढले तर व्याज मिळत नाही, आणि नंतरही पाच वर्षांच्या आत काढले तर मुद्दलातून थोडी कपात होते. म्हणूनच दुसऱ्या कप्प्याचा पैसा तिथे ठेवायचा नाही.

सही कोणाची, हे व्याजदरापेक्षा मोठं

आमच्याकडे पैसा खरं तर होता. बाबांच्या नावावर तीन लाखांची मुदत ठेव होती आणि बाबा आयसीयूत होते. ठेवीवर आईचंही नाव, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' असं लिहिलेलं. आम्ही निर्धास्त. बँकेत गेल्यावर कळलं की त्या ओळीचा उपयोग मुदत संपल्यावर. मुदतीआधी ठेव मोडायची तर दोघांच्याही सह्या लागतील. बँकेची चूक नव्हती, नियमच तसा आहे.

म्हणून साडेचार लाखांची रचना करताना आम्ही प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारला: रात्री दोन वाजता, बाबा बेशुद्ध असताना, हे पैसे कोण काढू शकतं?

पहिले ५० हजार आई आणि माझ्या संयुक्त बचत खात्यात, दोघींकडे वेगवेगळं डेबिट कार्ड. हे दाखल करतानाच्या डिपॉझिटसाठी.

पुढचे अडीच लाख त्याच खात्याला जोडलेल्या ऑटो स्वीप सोयीत. ठरवलेल्या रकमेच्या वरचे पैसे आपोआप ठेवीत जातात आणि कार्ड घासलं की लागतील तेवढेच आपोआप परत येतात. फॉर्म भरायचा नाही, सही करायची नाही. मोडलेल्या भागावर व्याज कमी मिळतं, ते मिळू दे. खातं 'कोणीही एक' पद्धतीने चालवायचं असलं तरी स्वीपची ठेव एका खातेदाराच्या व्यवहाराने मोडते ना, हे शाखेतून ईमेलवर लिहून घ्या. तोंडी "हो मॅडम, होतं" वर थांबू नका.

उरलेले दीड लाख माझ्या एकटीच्या नावावर, पन्नास-पन्नास हजारांच्या तीन ठेवींत, नेट बँकिंगवरून मोडता येतील अशा. एकच मोठी ठेव केली तर वीस हजारांसाठी सगळी मोडावी लागते. या ठेवींच्या व्याजावर कर मला लागतो आणि ज्येष्ठांना बँका जे साधारण अर्धा टक्का जास्त देतात ते मिळत नाही. वर्षाला दोन-तीन हजारांचं हे नुकसान मी जाणूनबुजून सोसते.

पैसा पालकांच्या नावावर ठेवण्यात करांचा फायदा आहेच. मुलांनी आई-वडिलांना दिलेल्या रकमेवर त्यांना कर लागत नाही, आणि त्यावरचं व्याज परत मुलांच्या उत्पन्नात धरलं जात नाही; पत्नी किंवा सुनेच्या बाबतीत तसं नाही. म्हणून तिसरा कप्पा बाबांच्या नावावर, दुसरा आमच्या हाताशी, अशी वाटणी केली. साठीपुढच्या पालकांचा आरोग्य विमाच नसेल, तर जुनी करप्रणाली निवडणाऱ्या मुलाला त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चापैकी वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट घेता येते, पण ती रोखीने दिलेल्या पैशांवर नाही. पावत्या जपा आणि पैसे खात्यातूनच द्या.

सहकारी बँक आणि पतसंस्था यांच्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे ज्येष्ठांचा पैसा बऱ्याचदा तिथे असतो. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकांनाही. पतसंस्थेला ते नाही. आणि संरक्षण असलं तरी पैसे वेळेवर मिळतील असं नाही: सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना हजार रुपयेच काढता येत होते. बाबांचा पतसंस्थेवर फार जीव. आम्ही वाद घातला नाही, फक्त इस्पितळाचा कप्पा तिथे नको एवढंच ठरवलं.

कपाटातल्या रोकडीचाही फार उपयोग नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड इस्पितळाला एका वेळी घेता येत नाही. दहा-पंधरा हजार असू द्यावेत, ॲम्ब्युलन्स आणि रात्रीच्या मेडिकलसाठी.

कप्पा भरायचा कसा

बाबांची दीड लाखांची एक ठेव मुदत संपून येत होती, ती त्यांनी या कप्प्यात घातली. उरले तीन लाख. दादा महिन्याला ८ हजार, मी ७ हजार, असे पंधरा हजार, वीस महिने. दादाचा पगार जास्त, पण साताऱ्याच्या फेऱ्या मी करते, म्हणून फरक हजाराचाच ठेवला. भावंडांत बरोबरीने वाटणी हवी असं काही नाही, पण आकडा ठरवून तो पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळता व्हायला हवा. "लागेल तेव्हा देतो" म्हणणारा खोटं बोलत नसतो, लागेल त्या दिवशी त्याच्याकडे असतीलच असं नसतं.

वीस महिन्यांच्या आत काही झालं तर? ती पोकळी आम्ही दादाच्या स्वतःच्या ठेवीवरच्या कर्जसोयीने भरून ठेवली. ठेव न मोडता तिच्यावर बँक उचल देते, व्याज ठेवीपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त, आणि वापरलेल्या रकमेवरच. क्रेडिट कार्डाच्या व्याजापेक्षा हे कितीतरी स्वस्त. ही सोय आधी मंजूर करून ठेवायची असते, इस्पितळाच्या बाकड्यावरून होत नाही.

हे सगळं बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्या आजारपणाची आत्तापासूनच वर्गणी काढताय का?" दादा गप्प झाला. आईने सोडवलं: "लग्नाची काढली होती तेव्हा बरी वाटली." दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः हिशेबाची वही आणली आणि पहिल्या पानावर तारीख घातली. वही त्यांच्याकडेच आहे, फोटो दर महिन्याला आम्हाला येतो.

सत्तरीपुढच्यांनी हे आधी करा

ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांचे इस्पितळातले उपचार. खासगी विमा असला तरी हे घेता येतं. नोंदणी beneficiary.nha.gov.in वर किंवा Ayushman App मधून आधारच्या आधारे होते. बाबांचं काढलं, आईला अजून दोन वर्षं आहेत.

म्हणून पुंजी लहान करायची का? मी केली नाही. हे कार्ड योजनेत असलेल्या इस्पितळात, ठरलेल्या उपचारांसाठी चालतं. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी आणि घरच्या गोळ्या त्यात नाहीत. तुमच्या गावाजवळ योजनेतलं कोणतं इस्पितळ आहे आणि हृदय, मेंदू, हाडं यांतलं तिथे काय होतं, हे एकदा जाऊन विचारा. उत्तर समाधानकारक असेल आणि तुम्ही तिथे नक्की जाणार असाल, तर दुसऱ्या कप्प्याचं उद्दिष्ट कमी करायला हरकत नाही.

रंगीत तालीम आणि गळती

पुंजी तयार झाल्यावर एका रविवारी आम्ही सगळं चालवून पाहिलं. आईचं डेबिट कार्ड कधी सुरूच केलं नव्हतं, ते कळलं. माझ्या कार्डाची दिवसाची मर्यादा ५० हजार निघाली, ती ॲपमधून वाढवली. यूपीआयने इस्पितळाला एका वेळी पाच लाखांपर्यंत देता येतात असा नियम आहे, पण तुमची बँक आणि त्या इस्पितळाचा क्यूआर दोन्ही ते घेत असतील तर. नाहीतर नेहमीची लाखाची मर्यादा आडवी येते. नेट बँकिंगवरून एक ठेव मोडून पाहिली. पैसे आले, थोडं व्याज गेलं.

गळती लागते ती दाव्याच्या पैशांतून. आधी भरलेल्या बिलाचे पैसे विमा कंपनी पॉलिसीधारकाच्या खात्यात पाठवते. आमच्याकडे ते बाबांच्या पेन्शनच्या खात्यात आले आणि दोन महिन्यांत घरखर्चात, भाचीच्या लग्नाच्या आहेरात विरघळले. आता नियम असा की दाव्याचे आलेले पैसे आठ दिवसांत आई आणि माझ्या संयुक्त खात्यात जातात, आणि वहीत 'परत आले' म्हणून वेगळ्या रकान्यात लिहिले जातात. त्या रकान्यात तीन महिने काही दिसलं नाही तर दावा कुठेतरी अडकला आहे, पाठपुरावा करायचा.

पॉलिसीचं नूतनीकरण मार्चमध्ये असतं, तेव्हाच उद्दिष्टही बदलतो. साताऱ्यातल्या एका आणि पुण्यातल्या एका इस्पितळाच्या बिलिंग काउंटरला फोन करून ट्विन शेअरिंगचं आजचं भाडं आणि डिपॉझिट विचारायचं. यंदा पुण्याचं भाडं साडेपाच हजार सांगितलं. आमची मर्यादा अजून पाच हजारच, म्हणून विमा रक्कम वाढवायची की कात्रीचे पैसे कप्प्यात घालायचे, हे या रविवारी बाबांची वही समोर ठेवून ठरणार आहे.